साडेआठ टक्के कशाचे?

*मी 60 वर्षांचा. बुटीबोरीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 34 लाख आले. ईपीएसचं पेन्शन महिन्याला 2,900 रुपये. मानेवाड्याला स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. बायको 55 वर्षांची, गृहिणी. ओळखीच्या एजंटनं 20 लाखांच्या ॲन्युइटीचा कागद आणून दिला. त्यावर तीन पर्याय आहेत. माझ्या एकट्याच्या हयातीपर्यंत महिन्याला 14,200. आम्हा दोघांपैकी शेवटचं माणूस असेपर्यंत 12,400. किंवा दोघांच्या हयातीपर्यंत 10,800 आणि त्यानंतर 20 लाख मुलांना परत. तो म्हणतो पहिला घ्या, साडेआठ टक्के पडतात, बँक सातच्या वर देत नाही, आणि 20 वर्षांत 34 लाख हाती येतील. मुलगा म्हणतो काहीच घेऊ नका, पैसा मोकळा राहू द्या. त्याला मोबाइलचं दुकान वाढवायचं आहे. एजंटचा हिशेब बरोबर आहे का? रविवारी तो सह्या घ्यायला येतो आहे.*

*— एक वाचक, मानेवाडा, नागपूर*

नमस्कार भाऊ,

एजंटचा भागाकार बरोबर आहे. 14,200 ला 12 नं गुणलं की 1,70,400, आणि 20 लाखांवर ते 8.52 टक्के होतात. घोळ आहे तो या आकड्याला बँकेच्या व्याजाशेजारी नेऊन बसवण्यात.

काटोलकडचा शेतकरी संत्र्याचा बहार व्यापाऱ्याला विकतो, तेव्हा पैसे घेतल्यावरही झाडं त्याचीच राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा बहार, पुन्हा सौदा. बँकेतली ठेव ही अशी आहे. तुमच्या कागदावरचा पहिला पर्याय म्हणजे बागच विकून टाकायची आणि तिचे पैसे महिन्या-महिन्याला हप्त्यानं घ्यायचे, तेही तुम्ही आहात तोवरच. बहाराचे पैसे आणि बागेचे हप्ते यांची टक्क्यांत तुलना केली की हप्ता मोठाच दिसणार, कारण त्यात झाडांची किंमतही थोडी थोडी परत येत असते.

आता बघा, 20 लाखांना 14,200 नं भागलं की 140.8 येतात. म्हणजे 11 वर्षं 9 महिने तुम्हाला जे मिळेल ते तुमचंच मुद्दल. तुम्ही जवळजवळ 72 वर्षांचे होईपर्यंत या व्यवहाराचा परतावा शून्य टक्के असतो, आणि त्याआधी काही बरंवाईट झालं तर शून्याच्याही खाली. सत्तराव्या वर्षी हप्ते थांबले तर एकूण 17,04,000 आलेले असतील, जवळपास तीन लाख गेलेले.

त्यापुढे परतावा वयाबरोबर वर चढत जातो. पंचाहत्तरीपर्यंत पेन्शन घेतलंत तर वर्षाला साधारण साडेतीन टक्के पडतात. ऐंशीपर्यंत सहा. पंच्याऐंशीपर्यंत सात टक्के आणि वर थोडे. नव्वदीपर्यंत गेलात तरी आठला थोडे कमीच. शंभरी गाठली तरी हा आकडा नऊला पोचत नाही. तुम्ही एजंटला विचारायला हवं होतं ते हे, की किती वर्षं जगलो तर किती टक्के? एकच आकडा सांगून मोकळं होता येईल असा प्रश्नच नाही हा.

त्याचे "20 वर्षांत 34 लाख" याच चाळणीतून काढा. 14,200 चे 240 हप्ते म्हणजे 34,08,000, खरं आहे. आज 20 लाख दिले आणि 14 लाख वर मिळाले असं ऐकलं की माणूस खूश होतो, पण हे 14 लाख वीस वर्षांवर पसरलेले आहेत. वर सांगितलेले सहा टक्के ते हेच. एक महिना उलगडून दाखवतो. सहा टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला अर्ध्या टक्क्याला किंचित कमी. पहिल्या महिन्यात 20 लाखांवर त्या दरानं सुमारे 9,800 रुपये व्याज झालं. हातात आले 14,200. वरचे 4,400 तुमच्याच मुद्दलातून आले. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी, म्हणून व्याजही थोडं कमी आणि मुद्दलाचा वाटा थोडा जास्त. असं करत 240 व्या हप्त्याला मुद्दल संपतं. गृहकर्जाच्या हप्त्याचा तक्ता पाहिला असेल तर तोच आहे हा, फक्त इथे कर्ज देणारे तुम्ही आणि फेडणारी कंपनी.

मुलाला एक्सेल येत असेल तर त्याला हे सूत्र टाकायला सांगा. 240 हे महिने. ते बदलून 180, 300, 360 करून पाहा.

```
=(1+RATE(240,14200,-2000000,0,0,0.005))^12-1
```

शेवटचा 0.005 हा सूत्राला दिलेला अंदाज आहे, तो नसला तर कधी कधी उत्तराऐवजी चूक दाखवते. आणि 2000000 च्या जागी चेक जेवढ्या रकमेचा फाडणार तो आकडा घाला. वर काही कर किंवा आकार जोडला जात असेल तर तोही तुमच्याच खिशातून जातो, पण एजंटच्या टक्केवारीत तो क्वचितच दिसतो.

मग कंपनी नव्वदीच्या माणसाला आठ टक्क्यांच्या आसपास देते कुठून? जे 66 व्या, 70 व्या वर्षी गेले त्यांच्या उरलेल्या पैशातून. परत न देणाऱ्या ॲन्युइटीचं यंत्र यावरच चालतं आणि त्यात लबाडी काही नाही. लवकर जाण्याच्या नुकसानीचा विमा आपण आयुष्यभर घेत आलो, हा उशिरा जाण्याच्या खर्चाचा विमा आहे. कंपन्यांनाही ठाऊक असतं की ॲन्युइटी घेणारी माणसं बहुधा तब्येतीनं ठणठणीत असतात. म्हणून त्यांच्यासाठी मृत्युदराचा तक्ताच वेगळा आहे, सध्याचा 2012-15 च्या अनुभवावरचा, आणि तो माणसं जास्त जगतील असं धरूनच चालतो. ज्याला बीपी, शुगर आणि एक अँजिओप्लास्टी आहे त्यानंही त्याच दरानं पैसे भरायचे. तुम्ही तब्येतीबद्दल काही लिहिलं नाही. तो विचार तुमचा तुम्ही करा, मोकळेपणानं.

हे यंत्र किती कामाचं आहे ते असं मोजा. तेच 20 लाख तुम्ही बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले आणि दर महिन्याला 14,200 स्वतःच उचलत राहिलात, तर पैसे सुमारे साडेतेवीस वर्षं पुरतात. म्हणजे तुमच्या 83 व्या वर्षापर्यंत ॲन्युइटीनं तुम्हाला असं काहीच दिलेलं नसतं जे तुम्ही स्वतः करू शकला नसता, आणि मधल्या काळात शिल्लक रक्कम तुमच्या नावावर असते. त्यानंतर मात्र बँकेचं खातं रिकामं आणि कंपनीचे 14,200 चालू. शिवाय बँकेचे सात टक्के तेवीस वर्षं सातच राहतील याची हमी कोणी देत नाही, कंपनीचा हप्ता ठरलेला असतो. विकत घेण्यासारखी गोष्ट आहे ती ही.

इथवर सगळं एकट्या तुमच्या आयुष्यावर मोजलं. खरी अडचण पुढे आहे. पहिल्या पर्यायात तुमच्यामागे वहिनींना काय मिळतं? काहीच नाही. पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद, मुद्दल नाही. ईपीएसचं विधवा पेन्शन येईल, पण तुमच्या 2,900 वरून ते किती असेल ते तुम्हीच बघा. माझ्या एका आतेभावानं असंच एकट्याचं पेन्शन घेतलं होतं, हप्ता मोठा दिसतो म्हणून. चौदा महिने मिळालं. त्याची बायको पॉलिसीचा कागद घेऊन माझ्याकडे महाल भागात आली तेव्हा मी तो तीनदा वाचला, कुठे काही सुटलंय का म्हणून. काही सुटलं नव्हतं. कागदात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि सहीही त्याचीच होती. तेव्हापासून बायको हयात असलेल्या, आणि तिचं स्वतःचं उत्पन्न नसलेल्या कुणालाही मी हा पर्याय घेऊ देत नाही. तुमच्याही बाबतीत पहिल्या ओळीवर काट मारा. एजंटचे साडेआठ टक्के तिथेच संपले.

राहिले दुसरा आणि तिसरा.

तिसऱ्यात मुद्दल परत येतं, म्हणून त्याचा परतावा आयुष्यावर फारसा अवलंबून नाही. महिन्याला 10,800 म्हणजे वर्षाचा चक्रवाढीनं धरून सुमारे 6.7 टक्के, मग तुम्ही दोघं 75 पर्यंत जगा की 95 पर्यंत. खरं तर ही ॲन्युइटी कमी आणि कधीच न संपणारी मुदत ठेव जास्त. त्यामुळेच या प्रकारात वय पाच वर्षांनी वाढलं किंवा बायकोचं नाव जोडलं तरी हप्ता फार हलत नाही. एजंटला एकदा गंमत म्हणून 65 वयाचा दर विचारून बघा.

दुसऱ्यात मुद्दल जातं, आणि मोजायचं असतं ते तुमच्या वयावर नाही तर वहिनींच्या, कारण त्या पाच वर्षांनी लहान आहेत आणि बायका तशाही जास्त जगतात. त्या 80 पर्यंत असल्या तर पंचवीस वर्षांचं पेन्शन, परतावा पावणेसहा टक्के. 85 पर्यंत साडेसहा. 90 पर्यंत सातला किंचित कमी. तिसऱ्याच्या 6.7 ला हा पर्याय गाठतो तो त्या 86-87 च्या घरात पोचल्यावर. दुसऱ्या बाजूनं मोजलं तरी तेच येतं. दोघांतला फरक महिन्याला 1,600. हे 1,600 दर महिन्याला 7 टक्क्यांनी साठवत गेलात तर 20 लाख जमायला जवळपास 31 वर्षं लागतात. म्हणजे मुलांना जाणारे 20 लाख सोडण्याच्या बदल्यात आज मिळणारे 1,600 ही काही उधळपट्टी नाही, पण स्वस्तही नाही.

या दोघांतला एकच घ्यायचा असता तर मी दुसरा घेतला असता, कारण ॲन्युइटी घ्यायची तर ती जास्त जगण्याच्या भीतीसाठी घ्यावी, मुलांना ठेव ठेवण्यासाठी नाही. मुलांसाठी ठेव ठेवायला दुसरे मार्ग आहेत. पण तुम्हाला आज दोघांतला एकही घ्यायची गरज नाही.

तुम्ही 60 पूर्ण आहात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठी उघडी आहे, आणि तिची मर्यादा 30 लाख आहे. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. 8.2 टक्क्यांनी 20 लाखांवर दर तिमाहीला 41,000 होतात, महिन्याच्या हिशेबानं 13,667. एजंटच्या आवडत्या पहिल्या पर्यायापेक्षा 533 रुपये कमी, पण 20 लाख जिथल्या तिथे. तुमच्यामागे वहिनींना तेच खातं पुढे चालवता येतं ते त्यांची साठी झालेली असेल तर, नाहीतर पैसे त्यांच्या हातात पडतात. त्यांचं नाव जोडीदार म्हणून सुरुवातीलाच घाला. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत जा किंवा तुमचं खातं असलेल्या बँकेत. पोस्टात एक फेरी जास्त पडते, असा माझा अनुभव आहे.

मग ही योजना असताना ॲन्युइटी कोण घेईल? जो पाच वर्षांनंतरच्या दराला भितो. ही भीती खोटी नाही. 2015-16 मध्ये याच योजनेचा दर 9.3 होता, आणि एप्रिल 2020 मध्ये तो 7.4 वर आला. त्या वेळी ज्यांचं खातं संपत होतं त्यांच्या हातात एका तिमाहीत बरीच कमी रक्कम पडली. पाच वर्षांनी मुदत तीन वर्षांसाठी वाढवता येते, पण त्या दिवशीच्या दरानं. ॲन्युइटीचा हप्ता मात्र लिहून दिलेला असतो. पण आज 60 व्या वर्षी पंचवीस-तीस वर्षांसाठी पावणेसहा ते सात टक्क्यांना हात बांधून घेण्यापेक्षा पाच वर्षं 8.2 घेऊन 65 व्या वर्षी परत विचार करणं मला जास्त पटतं. तेव्हा मुद्दल न परतणाऱ्या पर्यायांचा हप्ता, दर आजच्याइतकेच राहिले तर, आजच्यापेक्षा मोठा असेल, कारण कंपनीला तो कमी वर्षं द्यायचा आहे. दर पडले असतील तर हा फायदा त्यात जिरून जाईल. तो जुगार आहे, पण त्याच्या बदल्यात पाच वर्षं मुद्दल तुमच्याकडे राहतं. 65-67 च्या सुमारास त्या 20 मधले आठ-दहा लाख दोघांच्या नावानं, दुसऱ्या प्रकारात, टाका. बाकी तसेच राहू द्या.

एका गोष्टीनं मी या सल्ल्याबद्दल थोडा साशंक आहे, आणि ती तुमच्या पत्रात एका ओळीत आली आहे. बचत योजनेचं खातं मोडता येतं. वर्षानंतर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापून पैसे परत. दुकानाला माल भरायचा आहे, दिवाळी तोंडावर आहे, असं म्हणत पोरगा समोर उभा राहिला की दीड टक्का बापाला काहीच वाटत नाही. ॲन्युइटीचा पैसा असा काढता येत नाही. तिचा हा दोष म्हणून सांगतात, काही घरांत मी तोच तिचा सगळ्यात मोठा गुण झालेला पाहिला आहे. तुम्हाला मुलाला नाही म्हणता येत नसेल, हे तुमचं तुम्हाला नक्की माहीत असेल, तर टक्क्यांचा हिशेब बाजूला ठेवा आणि आत्ताच 10 लाख दुसऱ्या पर्यायात घाला. महिन्याला 6,200, दोघांपैकी एक असेपर्यंत. उरलेले 10 लाख बचत योजनेत, त्याचे महिन्याच्या हिशेबानं 6,833. दुकानासाठी द्यायचे असतील ते बँकेतल्या 14 लाखांतून, आकडा एकदाच ठरवून, आणि परत येणार नाहीत असं धरून.

कराचं फार डोक्यात घेऊ नका. ॲन्युइटीचा पूर्ण हप्ता उत्पन्न धरला जातो, त्यात तुमचंच मुद्दल परत येत असलं तरी. हा अन्याय आहे, पण तुमचं एकूण उत्पन्न बघता कर लागणार नाही. महागाईचं मात्र घ्या. वर्षाला 5 टक्के धरली तर आजच्या 12,400 ला वीस वर्षांनी आजच्या 4,700 इतकीच किंमत राहते. दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढणारे पर्यायही असतात, पण त्यांची सुरुवात बरीच खालून होते. स्थिर हप्त्यात सगळे पैसे न घालण्याचं हेही एक कारण.

रविवारी एजंट आला की चहा पाजा, सही करू नका. ओळखीचा माणूस आहे, म्हणून वाईट वाटेल. त्याला दुसऱ्या पर्यायाचा कंपनीच्या छापील नमुन्यातला हिशेब मागा, तुमची आणि वहिनींची जन्मतारीख घालून. त्यावर चार गोष्टी बघा: हप्ता महिन्याचाच लिहिला आहे की वर्षाचा भागून सांगितला आहे, पहिला हप्ता कुठल्या तारखेला, तुमच्यामागे वहिनींना पूर्ण 100 टक्के की अर्धं, आणि चेकची एकूण रक्कम. वर्षाला एकदा मिळणारा हप्ता नेहमी थोडा मोठा असतो, आणि त्याला बारानं भागलेला आकडा मासिक म्हणून तोंडी सांगायची सवय या धंद्यात जुनी आहे. आणि त्याच्या आग्रहाला बळी पडून सही झालीच, तर पॉलिसी हातात पडल्या दिवसापासून 30 दिवसांत ती परत करता येते, स्टॅम्पचा खर्च वगैरे वजा होऊन पैसे मिळतात. पाकीट आलं की त्यावर तारीख लिहून ठेवा.